पानाफुलांचे बलुते

दसऱ्याच्या दिवशी दाराला झेंडूचे तोरण लागले नाही, तर सण झाल्यासारखा वाटत नाही. आणि तरी हा झेंडू मूळचा आपल्याकडचा नव्हे. तो मेक्सिकोचा. पोर्तुगीजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतर तो इकडे आला आणि पाहता पाहता घरचा झाला. निशिगंधही त्याच मुलुखातला. देवगिरीच्या यादवांच्या काळी देवाच्या गळ्यात जे हार पडत, त्यांत ही दोन्ही फुले नव्हती.

मग देवाला जात असे काय? कण्हेर, जास्वंद, जाई, कमळ ही फुले होतीच. पण पूजेचा खरा भार पानांवर होता. महादेवाला बेल, विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा, मारुतीला रुईच्या पानांची माळ. ही पाने घरोघर पोचवण्याचे काम गावगाड्यात नेमून दिलेले होते. गुरव हा बारा बलुतेदारांपैकी एक. महादेवाची पूजा करावी, गावाला बेल आणि पत्रावळी पुरवाव्यात आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे, असा तो व्यवहार होता. फुले माळ्याच्या मळ्यातून येत. रोजच्या पानाला रोज पैसा मोजण्याची कल्पनाच नव्हती. वर्षभराच्या बेलाचा हिशेब एकदा ज्वारीत होत असे.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही प्रदेश निजामाच्या राज्यात होते. तेथे देवाच्या सेवेपोटी दिलेल्या जमिनीला 'खिदमतमाश' म्हणत. नाव फारसी, सेवा महादेवाची. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने बाकीची इनामे रद्द केली. देवस्थानांची इनामे मात्र त्यातून वगळली. देवळाची जमीन अशी राहिली, पण घरोघरच्या बेलाचे बलुते राहिले नाही. शेतकरी धान्य बाजारात विकू लागला, तरुण मुले शहराकडे गेली, आणि खळ्यावरचा वाटा हळूहळू आटला. त्याच्या जागी शहरात फुलपुडीचा रतीब आला: पहाटे दाराच्या कडीला पुडी अडकवायची आणि महिनाअखेर रोख पैसे घ्यायचे. दोन गुंठ्यांची बाग असलेल्या माणसाचा धंदा तो हाच.

ह्या धंद्याचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा, लातूरच्या सिद्धेश्वराच्या वाटेवर कोणाची दोन गुंठे जागा आहे आणि त्याच्याकडे तीस घरांचा रतीब आहे. एका गुंठ्यात झेंडू. उरलेल्या जागेत एक बेलाचे झाड, कुंपणाला जास्वंदीची आठ-दहा झुडपे, तुळशीचा वाफा आणि मोरीचे पाणी जाते तेथे दूर्वा. रोजच्या पुडीत एक जास्वंद, चार-दोन झेंडू, तुळशीची मंजिरी एवढे घातले तरी गिऱ्हाईक खूश असते. जड जाते ते वाराचे आणि तिथीचे. श्रावणी सोमवारी घरटी अकरा बेलपाने म्हटली, तर तीनशे तीस पाने होतात. एक मोठे झाड ती सहज देते. चतुर्थीला घरटी एकवीस दूर्वांची जुडी. म्हणजे सहाशे तीस दूर्वा, प्रत्येक तीन पात्यांची, एकेक निवडून खुडायची. दोन माणसांची आदली संध्याकाळ त्यातच जाते. कोणी लाख बेल वाहण्याचा नवस घेऊन आला, तर हे काम आपले नाही, हे ओळखावे.

पाने देतानाही पारख लागते. बेलाचे त्रिदळ अखंड हवे. किडीने भोक पाडलेले किंवा एक दळ गळलेले पान जुनी माणसे परत करतात. देठाच्या टोकाला जाड गाठ असते. तिला वज्र म्हणतात, आणि ती मोडूनच पान द्यायचे असते. उलट बेलाला एक मोठी सवलत आहे: तो शिळा मानत नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवलेला बेल चालतो. जास्वंद संध्याकाळी मिटते, म्हणून ती त्याच दिवशी पहाटे तोडावी लागते.

बेलाचा शत्रू येतो तोही नेमका पावसाळ्यात. लिंबावर येणारे फुलपाखरू बेलाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्याची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. मोठी झाली की ती पानासारखीच हिरवी होते, आणि चार दिवसांत शेंड्याला नुसत्या काड्या उरतात. श्रावणाच्या तोंडी कोवळ्या फुटव्यावर तसले काळे-पांढरे ठिपके दिसले, तर ते हाताने वेचून काढावेत. देवाला जायच्या पानावर औषध मारणे बरे नव्हे. तीर्थात तेच पान पडते.

झेंडूचे गणित पंचांगावर चालते. रोपाला सुमारे एक महिना आणि लावल्यावर फुलायला जातीप्रमाणे पन्नास ते साठ दिवस लागतात. त्यामुळे आषाढी एकादशीच्या सुमारास बी टाकले, की दसऱ्याला फूल हाती येते. २०२५ साली आषाढी ६ जुलैला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता; मधले दिवस ८८. हिशेब चोख बसतो. पण २०२३ साली अधिक श्रावण आला. आषाढी २९ जूनला आणि दसरा २४ ऑक्टोबरला. मधले दिवस ११७. त्या वर्षी सवयीने आषाढीला बी टाकले, तर बहर महिनाभर आधी येऊन दसऱ्याला झाडे थकलेली. मधे अधिकमास असेल तेव्हा बी महिनाभर उशिरा टाकावे लागते. दिनदर्शिका पाहिल्यावाचून पेरू नये, ते एवढ्यासाठी.

आणि गणित बरोबर आले तरी पाऊस आहेच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली. भिजलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत पाणी साचते आणि फूल देठाकडून काळे पडते; वरून ते ताजेच दिसते. फूल उलटे करून देठ दाबून पाहावे, म्हणजे कळते. ह्याउलट सुकाळाच्या वर्षी दसऱ्याला सगळ्यांचाच झेंडू एकदम बाजारात येतो, दुपारपर्यंत भाव कोसळतो आणि संध्याकाळी ढीग रस्त्यावर टाकून शेतकरी घरी जातात. गुंठाभर झेंडूवाल्याने त्या बाजारात उतरू नये. रतीबाच्या तीस घरांची तोरणे त्याने नवरात्र बसतानाच ठरवून घ्यावीत.

पाण्याची कसोटी सगळ्यांत कठीण. नांदेडला गोदावरी आहे. लातूरची भिस्त मांजरेवर, आणि तिने दगा दिला की २०१६ सारखे वर्ष येते. त्या एप्रिलात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. मोगरा फुलतो तो ह्याच दिवसांत, आणि त्याला ह्याच दिवसांत पाणी हवे असते. माणसांना घागर मोजून मिळत असताना मोगऱ्याला कोण घालणार? बेलाची मुळे खोल जातात. तो उन्हाळ्यात पाने टाकतो, पुन्हा फुटतो आणि श्रावणाला तयार असतो.

ह्यात बागवाल्याचा पोटाचा प्रश्न आहे. झेंडू, निशिगंध, शेवंती आता ट्रकांतून दूरदूरच्या बाजारांतून येतात. त्यांच्याशी दोन गुंठ्यांनी स्पर्धा करता येत नाही. पण चतुर्थीच्या पहाटेची दूर्वा, मिटायच्या आतली जास्वंद आणि गाठ मोडून, निवडून दिलेला बेल ट्रकातून येत नाही. झेंडू आला, बलुते गेले, तरी शहरातल्या गल्लीत धंदा टिकतो तो गुरवाने गावाला जे पुरवले, त्याच पानांवर. खळ्यावरची ज्वारी मात्र आता महिन्याच्या रोखीत मिळते.