बाहेरचा एक बिंदू, दोन स्पर्शिका: वर्तुळाच्या गणितात प्रत्येक उत्तर कोणत्या प्रमेयातून येतं?

O केंद्र असलेलं एक वर्तुळ आहे आणि त्याची त्रिज्या 15 सेमी आहे. केंद्रापासून 25 सेमी अंतरावर, वर्तुळाच्या बाहेर, P हा बिंदू आहे. P मधून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या आणि त्या A आणि B या बिंदूंत टेकल्या. दिलेली माहिती एवढीच, म्हणजे फक्त दोन आकडे. तरीही या आकृतीतली जवळजवळ प्रत्येक लांबी काढता येते.

दहावीच्या भूमितीत असं उदाहरण हमखास भेटतं. बहुतेकांचं गाडं आकडेमोडीत अडत नाही, ते अडतं 'हे असं का?' या प्रश्नावर. पायरीपुढच्या कंसात प्रमेय लिहायचं असतं, आणि ते चुकलं की बरोबर आलेलं उत्तरही लंगडं पडतं. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढा आणि एकेक पायरी बघा.

पहिली लांबी: स्पर्शिका किती लांब?

OA ही त्रिज्या काढा. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय सांगतं की स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. म्हणून ∠OAP = 90° आणि त्रिकोण OAP काटकोन त्रिकोण झाला. आता पायथागोरस:

PA² = OP² − OA² = 625 − 225 = 400, म्हणून PA = 20 सेमी.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे काटकोन भलत्याच ठिकाणी धरणं. काटकोन A पाशी आहे, म्हणून कर्ण OP आहे, PA नाही. घाईत 625 + 225 अशी बेरीज केली तर PA साधारण 29 सेमी येते. ती OP पेक्षा मोठी दिसली की लगेच थांबायचं. बाहेरच्या बिंदूपासून काढलेला स्पर्शिकाखंड त्या बिंदूच्या केंद्रापासूनच्या अंतरापेक्षा नेहमी लहानच असतो.

PB साठी पुन्हा पायथागोरस लावायची गरज नाही. बाह्यबिंदूपासून काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड एकरूप असतात, म्हणून PB = 20 सेमी.

दुसरी लांबी: जीवा AB

A आणि B जोडा. ही जीवा OP ला M मध्ये छेदते. इथे अनेक जण 'AB आणि OP लंब आहेत' असं आकृतीकडे बघून लिहून टाकतात. तसं दिसतं हे खरं, पण दिसणं म्हणजे कारण नव्हे. कारण असं: OA = OB, कारण दोन्ही त्रिज्या. PA = PB, हे आत्ताच मिळालं. म्हणजे O आणि P हे दोन्ही बिंदू A आणि B पासून समदूर आहेत, म्हणून दोन्ही AB च्या लंबदुभाजकावर आहेत. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून OP हाच AB चा लंबदुभाजक.

आता AM काढायला क्षेत्रफळाची सोपी युक्ती आहे. त्रिकोण OAP चं क्षेत्रफळ ½ × 15 × 20 = 150 चौसेमी. तेच क्षेत्रफळ OP हा पाया आणि AM ही उंची धरूनही मिळतं:

½ × 25 × AM = 150, म्हणून AM = 12 सेमी आणि AB = 24 सेमी.

केंद्रापासून जीवेचं अंतर OM हवं असेल तर त्रिकोण OMA घ्या: OM² = 225 − 144 = 81, म्हणून OM = 9 सेमी.

तिसरी लांबी: अर्धवर्तुळातला काटकोन

A मधून व्यास काढा आणि त्याचं दुसरं टोक C म्हणा. AC = 30 सेमी. B आणि C जोडा. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, म्हणून ∠ABC = 90°.

BC² = 900 − 576 = 324, म्हणून BC = 18 सेमी.

आता एक छान पडताळा बघा. O हा AC चा मध्यबिंदू आणि M हा AB चा. दोन बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूच्या निम्मा असतो, म्हणून OM हा BC च्या निम्मा हवा. 9 आणि 18, जुळलं!

हा काटकोन येतो तरी कसा? OB जोडली की OA = OB = OC, म्हणजे दोन समद्विभुज त्रिकोण तयार होतात. A पाशी x° असेल तर B पाशी त्याच्या जोडीचा x° आणि C पाशी y° असेल तर B पाशी y°. तिन्ही कोनांची बेरीज 2x + 2y = 180, म्हणून B पाशी x + y = 90. युक्लिडच्या ग्रंथात तिसऱ्या खंडातलं हे 31 वं विधान आहे.

घरी करून बघायचं असेल तर पोस्टकार्डाचा एक कोपरा ताटाच्या कडेवर टेकवा. कार्डाच्या दोन कडा जिथे ताटाची कड ओलांडतात तिथे खुणा करा. त्या खुणा जोडणारी रेषा म्हणजे ताटाचा व्यास. दुसऱ्या जागी कोपरा ठेवून आणखी एक व्यास काढला की दोन्ही छेदतात तिथे केंद्र सापडतं. (कार्डाच्या कडा पुरेशा लांब हव्यात, मोठ्या ताटाला पोस्टकार्ड पुरणार नाही.)

मात्र हे प्रमेय फक्त व्यासाला लागू आहे. वर्तुळात बसवलेल्या त्रिकोणाच्या बाजू 13, 14 आणि 15 असतील, तर 15 ही सर्वांत मोठी बाजू आकृतीत केंद्राजवळून जाते आणि व्यासच वाटते. पण 169 + 196 = 365, आणि 15 चा वर्ग 225. काटकोन नाही, म्हणून 15 हा व्यास नाही. खरा व्यास 16.25 आहे.

कोन विचारले तर?

त्रिज्या तीच ठेवून P थोडा लांब सरकवला आणि ∠APB = 50° झाला असं समजा. चौकोन OAPB मध्ये A आणि B पाशी 90° आहेत, म्हणून ∠AOB = 360 − 90 − 90 − 50 = 130°. त्रिकोण OAB समद्विभुज आहे, म्हणून ∠OAB = 25°. AC व्यास असल्यामुळे ∠ABC = 90° आणि मग ∠ACB = 65°.

आता स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला ∠PAB बघा: 90 − 25 = 65°. ∠ACB एवढाच! हा योगायोग नाही. स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून काढलेली जीवा यांच्यातला कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो आणि त्याच कंसातला अंतर्लिखित कोनही त्या कंसाच्या निम्माच. इथे कंस AB 130° चा आहे, म्हणून दोन्ही 65°. केंद्रातला कोन 130° आणि परिघावरचा 65°, यांची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. कोनाचा शिरोबिंदू O आहे की C, एवढं पाहिलं तरी पुरतं.

शेवटी पहिल्या आकृतीकडे परत या. OP ही रेषा वर्तुळाला जवळच्या बाजूला D आणि पलीकडे E मध्ये छेदते. PD = 25 − 15 = 10 आणि PE = 25 + 15 = 40. स्पर्शिका-छेदिका प्रमेयानुसार PA² = PD × PE = 400, म्हणजे PA पुन्हा 20 सेमी. इथे 10 ला व्यास 30 ने गुणलं तर 300 येतात आणि उत्तर चुकतं. छेदिकेचे दोन्ही भाग P पासूनच मोजायचे असतात.