केसीन आणि व्हे प्रथिन-भुकटी

दुधापासून वेगळ्या काढलेल्या दोन प्रथिनांच्या भुकट्या. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असते. दोन्हींत शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व ॲमिनो आम्ले आहेत. व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक पचनाच्या वेगात आहे आणि तो जठरातच ठरतो.

दूध नासले की घट्ट भाग पनीर म्हणून वर राहतो आणि पिवळसर पाणी खाली गळते. पनीरमधले प्रथिन मुख्यतः केसीन असते, तर पाण्यातले व्हे. पोटातही साधारण असेच घडते. केसीनचे कण आम्लता ४.६ पीएचच्या आसपास पोचली की एकमेकांना चिकटून गोळा होतात. जठरातील पाचकरस हा गोळा कडेकडेने विरघळवत राहतात आणि तो हळूहळू लहान आतड्यात उतरतो. व्हे आम्लातही विरघळलेलेच राहते, त्यामुळे जठरातून लवकर पुढे सरकते.

या फरकाचे गाजलेले मोजमाप फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे इव्ह बुआरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. निरोगी तरुणांना उपाशीपोटी व्हे किंवा केसीन दिले असता व्हेनंतर रक्तातील ॲमिनो आम्ले झपाट्याने चढून काही तासांत उतरली. केसीननंतर ती कमी चढली, पण सात तास टिकून राहिली. व्हेने प्रथिननिर्मिती अधिक वाढवली, केसीनने शरीरातील प्रथिनांची झीज अधिक रोखली. हे वेगामुळेच घडते का, याची तपासणी त्याच गटाने पुढे केली. तेच व्हे एकदम न देता थोडेथोडे करून काही तासांत पाजल्यावर त्याचा परिणाम केसीनच्या जवळ गेला. म्हणजे ‘मंद’ हा गुण बराचसा पोचण्याच्या गतीचा आहे.

मात्र हे प्रयोग रिकाम्या पोटी, विश्रांतीत आणि नुसत्या प्रथिनावर झाले होते. पोळी-भाजी-वरणासोबत व्हे घेतले तर जेवणातील स्निग्धांश आणि तंतू जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि दोन्ही भुकट्यांतले अंतर घटते. जाहिरातींमध्ये ही मर्यादा सहसा सांगितली जात नाही.

व्यायामाच्या वेळापत्रकात व्हेची जागा सरावाच्या आगेमागे, पोट जड नको असते तेव्हा. पहाटे उपाशीपोटी सराव करणाऱ्याला ते विशेष सोयीचे. स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे ल्युसिन हे ॲमिनो आम्लही व्हेमध्ये केसीनपेक्षा जास्त असते. केसीन शोभते लांब खंडापूर्वी, मुख्यतः झोपण्याआधी. मास्ट्रिख्ट येथील २०१२च्या अभ्यासात संध्याकाळी वजनांचा व्यायाम केलेल्या तरुणांना झोपण्यापूर्वी ४० ग्रॅम केसीन दिले असता रात्रीची स्नायुप्रथिननिर्मिती सुमारे २२ टक्क्यांनी अधिक आढळली. पण तुलना प्रथिनविरहित पेयाशी होती. २०२३ साली दमश्वासाच्या व्यायामानंतर रात्री ४५ ग्रॅम केसीन आणि तितकेच व्हे यांची थेट तुलना झाली, तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. रात्रीचे प्रथिन उपयोगी आहे. ते केसीनच हवे, असा आग्रह धरण्याइतका आधार मात्र नाही.

उदाहरणार्थ, ७० किलो वजनाची शाकाहारी व्यक्ती सायंकाळी ७ ते ८ व्यायाम करते, ९ वाजता जेवते आणि ११ला झोपते. स्नायुवाढीसाठी शरीरवजनाच्या किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन धरले तर गरज ११२ ग्रॅम. डाळ, दही, पनीर, शेंगदाणे मिळून ७५ ग्रॅम होत असतील, तर ३७ उरतात. दुपारी १ नंतर खाणे हलके असेल तर सरावानंतर व्हेचे २५ ग्रॅम प्रथिन आणि झोपताना एक कप दूध व थोडे पनीर पुरते. व्यायाम आधीच उरकून जेवण ७लाच आटोपत असेल आणि सकाळचा नाश्ता ९ला असेल, तर चौदा तासांच्या खंडाआधी केसीन घेण्याला अर्थ आहे. रात्रीच्या जेवणात पनीर भरपूर असेल तर केसीन आधीच पोटात गेलेले असते, वेगळ्या डब्याची गरज नाही.

खरेदी करताना वेष्टनावर ‘मायसेलर केसीन’ लिहिले आहे का पाहावे, कारण मूळ कणांची रचना त्यातच टिकते. सोडियम किंवा कॅल्शियम केसिनेटमध्ये ती मोडलेली असते, जठरात गोळा तितका घट्ट होत नाही आणि पचन लवकर होते. मायसेलर केसीन पाण्यात खिरीसारखे दाट होते, म्हणून पाणी जास्त घालावे. व्हे पातळ राहते. शेकने पोट फुगत असेल तर व्हे कॉन्सन्ट्रेटमधील दुग्धशर्करा हे एक कारण असू शकते. आयसोलेटमध्ये ती फार कमी असते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्याने दोन्ही टाळावीत, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.