तिसरा साचा

आमच्या कारेगावात दिवाळी आली की कारखान्यांच्या बोनसाची चर्चा पिकांच्या चर्चेइतकीच रंगते. शिरूर तालुक्यातले हे गाव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. त्यामुळे ज्यांच्या घरामागे चार हात जागा होती त्यांनी तेथे खोल्या बांधल्या आणि बीड, परभणी, लातूरकडची तरुण मुले त्यांत राहू लागली. माझ्याही घरामागे अशा सहा खोल्या आहेत. एका दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, मी अंगणात आकाशकंदील बांधीत होतो. तिसऱ्या खोलीतला मुलगा पाळीवरून परतला. कारखान्यातून मिठाईचा डबा मिळाला असणार हे मला ठाऊक होते. पण त्याचे हात रिकामे होते. डबा त्याने सदऱ्याच्या आत, पोटाशी धरला होता.

चौथ्या खोलीला कुलूप होते. तेथला मुलगा त्याच्याच लाइनवर काम करीत असे. तीन आठवड्यांपूर्वी ठेकेदाराने बावीस जणांतील आठ जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले आणि त्या आठांत तो होता. खोली सोडून तो शिरूरला मावशीकडे गेला होता. म्हणजे ज्याच्यापासून डबा लपवायचा, तो माणूस तेथे नव्हताच. तरीही या मुलाने तो लपविला.

“काका,” तो मला म्हणाला, “आम्ही एकाच दिवशी लागलो होतो. मग त्याला काढलं आणि मला ठेवलं, ते कशावरून?”

मला उत्तर देता आले नाही. पण हा प्रश्न मी पूर्वी ऐकला आहे, किंवा खरे सांगायचे तर, तो न विचारला गेलेला पाहिला आहे. नोकरी गेलेल्याचे दुःख जगाला दिसते, त्याच्यासाठी मोर्चे निघतात. ज्याची नोकरी राहिली त्याला लोक नशीबवान म्हणतात आणि पुढे चालू लागतात. या नशीबवान माणसाच्या मनात जी टोचणी असते तिचाही एक इतिहास आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात तो मुंबईच्या गिरण्यांतून सुरू होतो.

त्या काळी मुंबईत एक विणकर दोन माग सांभाळी. मागाला गिरणीत साचा म्हणत. दोन साच्यांच्या मधोमध उभे राहायचे. धोट्यातली कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की साचा थांबवून सांधायचा. १९२८ च्या सुमारास परदेशी कापडाच्या स्पर्धेने गांजलेल्या मालकांनी खर्च कमी करण्याचा मार्ग म्हणून विणकराला दोनाऐवजी तीन साचे द्यायचे ठरविले. ससूनच्या गिरण्यांत ही पद्धत आधी सुरू झाली. कताई खात्यातही एका माणसाला चात्यांची एक बाजू असे, तेथे दोन बाजू आल्या.

यातला हिशेब शाळकरी मुलालाही सुटेल. सहाशे साचे असलेल्या खात्यात एकेकाकडे दोन याप्रमाणे तीनशे विणकर लागतात. एकेकाकडे तीन दिले की दोनशे पुरतात आणि शंभर घरी जातात. तिघांतला एक. उरलेल्या दोघांच्या हाती महिन्याकाठी पगार थोडा जास्त पडतो, कारण कापड जास्त निघते. पण त्यांच्यासमोर चालणारा तिसरा साचा हा कालपर्यंत कोणाचा तरी होता, आणि तो कोणाचा हे त्यांना नावानिशी ठाऊक असते. गेलेला माणूस बहुधा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच खोलीत वळकटी टाकणारा, त्याच खानावळीत जेवणारा. उरलेल्याची टोचणी हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे, हे मला या तिसऱ्या साच्यावरून कळले. आपल्या पोळीवर दुसऱ्याच्या वाट्याचे तूप पडले आहे, हे तेथे डोळ्यांना दिसत होते.

मुंबईच्या कामगारांनी या टोचणीचे काय केले? ती मनात ठेवली नाही. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. जवळजवळ दीड लाख माणसे सहा महिने घरी बसली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अर्जुन आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत घाम गाळणारे पुढारी, डांगे, निंबकर, जोगळेकर आणि दुसऱ्या बाजूने नेमस्त ना. म. जोशी असे न पटणारे लोकही एका संपसमितीत बसले. संपाची कारणे अनेक होती, पगाराचीही होती. पण माझ्या दृष्टीने विशेष असे की, ज्यांची नोकरी टिकणार होती असेही विणकर तिसरा साचा नको म्हणून बाहेर पडले. शेवटी फॉसेट समिती नेमली गेली आणि १९२९ मध्ये तिने ही जास्त साच्यांची पद्धत काही अटींवर तत्त्वतः रास्त ठरविली. तेव्हा संपाने साचा अडविला असे म्हणता येणार नाही. त्याने एवढेच केले की, राहिलेला आणि जाणारा हे दोघे सहा महिने एकाच बाजूला उभे होते.

पुढे हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, ते गिरणीच्या फाटकावर. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. १९३५ पासून मुंबईत बदल्यांना कार्डे देण्याची पद्धत आली. कार्ड असलेल्याने रोज सकाळी फाटकावर हजर व्हायचे, काम निघाले तर आत, नाहीतर घरी. माझे वडील १९५० च्या आसपास असेच बदली म्हणून लागले आणि काही वर्षांनी कायम झाले. ते सांगत, की कायम झाल्यावर फाटकातून आत जाताना ते खाली पाहून जात. ताप असला तरी खाडा करीत नसत. खाडा केला तर आपल्या साच्यावर दुसरा उभा राहील ही धास्ती होतीच. पण खाडा न केल्यामुळे तो दुसरा उपाशी राहतो हेही ते जाणून होते. धास्ती आणि शरम एकाच माणसात अशी एकत्र नांदत.

त्यांची खरी परीक्षा पुढे झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरत गेला. गिरण्या सुरू झाल्या त्या कमी माणसांनिशी. १९२८ मध्ये सगळे एकत्र परत गेले होते. या वेळी माणसे सुटी सुटी परतली. वडिलांना १९८३ मध्ये निरोप आला. त्यांच्याबरोबर तीस वर्षे एका खोलीत राहिलेले, आमच्याच शिवारातले गृहस्थ वाट पाहत राहिले. त्यांना निरोप आला नाही. का, ते कोणीच सांगितले नाही. वडील त्यानंतर गावी येत ते मागच्या ओढ्याच्या वाटेने. पुढच्या वाटेवर त्या गृहस्थांचे घर होते.

वडिलांनी काही चोरले नव्हते, कोणाची चहाडी केली नव्हती. मग ओढ्याची वाट कशासाठी? पुष्कळ वर्षांनी मला याचे उत्तर थोडेफार सापडले. जोएल ब्रॉकनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मुद्रिते तपासायला बसविले आणि मध्येच त्यांच्यातल्या एकाला मोबदला न देता घरी पाठविले. तो जाणारा अर्थातच आधी शिकवून ठेवलेला होता. राहिलेल्यांनी नंतर भराभर जास्त पाने तपासली. मात्र काम पहिल्यापेक्षा चांगले झाले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा उत्साह वाटावा. आत होती ती टोचणी. याच अभ्यासकाच्या पुढच्या कामातून असेही दिसले, की राहिलेल्याचे मन कसे वागते ते बरेचसे एका गोष्टीवर ठरते: निवड कशी झाली हे त्याला सांगितले का, आणि ती त्याला न्याय्य वाटली का.

हे वाचले आणि मला आपल्याकडचा एक रुक्ष कायदा एकदम निराळा दिसू लागला. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीसंबंधी कलमे घातली गेली. एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यात आणखी दोन गोष्टी होत्या: एका प्रकारच्या कामातला जो शेवटी लागला तो सामान्यतः आधी जाईल, वेगळे करायचे तर कारण लिहून ठेवावे, आणि पुढे भरती निघाली तर कमी केलेल्याला प्रथम संधी द्यावी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही दोन्ही तत्त्वे ठेवली आहेत. हे नियम जाणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेले. पण राहणाऱ्यालाही त्यांचा आधार असतो. भिंतीवर क्रमवारीची यादी लागलेली असली की, “मी तुझ्याआधी दोन वर्षे लागलो म्हणून राहिलो,” असे तो डोळ्याला डोळा देऊन म्हणू शकतो. यादी नसली की तो कारण स्वतःत शोधू लागतो.

माझ्या तिसऱ्या खोलीतल्या मुलाचे तेच झाले होते. तो ठेकेदाराचा कामगार; कारखान्याच्या क्रमवारीत त्याचे नाव नव्हते आणि ठेकेदाराने यादी कशी केली ते सांगितले नव्हते. “मी सुपरवायझरला एकदा गाडीवरून सोडलं होतं, म्हणून असेल का?” असे तो विचारी. सुट्टी घेत नसे. सांगितले नाही तरी दुसऱ्या पाळीला थांबे. जेवणाच्या सुट्टीत आता कोणी फारसे बोलत नाही, असे म्हणे. मित्राचा फोन आला की वाजू देई. वरवर पाहणाऱ्या साहेबाला तो उत्तम कामगार वाटला असेल.

मी त्याला वडिलांची ओढ्याची वाट सांगितली. उपदेश केला नाही. शेवटपर्यंत ते दोघे बोलले नाहीत, एवढेच सांगितले. आणि म्हटले, की पुन्हा माणसे घेणार असल्याचे तुला आत आधी कळेल, त्याला बाहेर कळणार नाही.

पाडव्याला तो शिरूरला जाऊन आला. मिठाईचा डबा घेऊन गेला होता. संध्याकाळी मी विचारले, काय म्हणाला मित्र?

“काही नाही काका. डबा उघडून सगळ्यांना वाटला. मग विचारलं, आता लाइनवर किती जण? म्हटलं, चौदा. म्हणाला, माल तेवढाच निघतो? म्हटलं, तेवढाच.”

“मग?”

“मग म्हणाला, हात सांभाळ.”