परदेशी शिक्षणाचा मेल आला, तर आई-वडिलांनी आधी कोणता हिशेब मांडावा?

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंग, बीएस्सी, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर घरच्या मोबाईलवर एक मेल येतोच. कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलेला वडिलांचा नंबर आणि मेल आयडी कुठून तरी कन्सल्टन्सीपर्यंत पोचलेला असतो. 'तुमच्या पाल्यासाठी ब्रिटनमध्ये एक वर्षात मास्टर्स, आयईएलटीएसशिवाय प्रवेश, शिकता शिकता कमाई, समुपदेशन मोफत.' खाली तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या सेमिनारची तारीख.

असा प्रत्येक मेल खोटा नसतो. काही कन्सल्टन्सी सरळ खर्च लिहून पाठवतात. पण मेल खरा की अर्धवट, हे ओळखायचं कसं? त्यासाठी मेलमध्ये काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते बघावं लागतं.

समुपदेशन मोफत कसं परवडतं?

ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं प्रवेश आणून देणाऱ्या एजंटला फीमधून कमिशन देतात. म्हणून पालकांकडून पैसे न घेताही कन्सल्टन्सीचं ऑफिस चालतं. यात बेकायदा काही नाही. फक्त आपल्यासमोर बसलेला माणूस कोणाच्या पैशावर काम करतो, हे पालकांना माहीत असावं. ज्या विद्यापीठाशी करार आहे त्याचंच नाव यादीत वर येणार. उलट जर्मनीतली सरकारी विद्यापीठं बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून कमिशनही सुटत नाही. मेलमध्ये जर्मनी आलीच, तर अनेकदा तिथलं खासगी कॉलेज आलेलं असतं.

प्रामाणिक कन्सल्टन्सी 'आम्हाला या विद्यापीठाकडून कमिशन मिळतं' हे विचारल्यावर सांगते. प्रश्न विचारताच विषय बदलला, तर तेही एक उत्तरच आहे.

एका वर्षाचा खरा खर्च

मेलमध्ये बहुधा फक्त फी असते, तीही 'पासून सुरू' अशा शब्दांत. समजा लंडनच्या बाहेरचं एक मध्यम विद्यापीठ आहे, कॉम्प्युटरचा मास्टर्स आहे आणि फी 18,000 पौंड आहे. हिशेब सोपा जावा म्हणून पौंड 120 रुपयांचा धरू. फी झाली 21 लाख 60 हजार.

आता राहणं-खाणं. विद्यार्थी व्हिसासाठी ब्रिटन सरकारने लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड खर्च धरला आहे (नोव्हेंबर 2025 पासूनचा आकडा). तेवढाच धरला तरी 12 महिन्यांचे होतात जवळपास 17 लाख. व्हिसा फी पाचशे पौंडांच्या वर, म्हणजे साठ-पासष्ट हजार. त्याशिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण 17 महिन्यांचा मिळतो. त्या मुदतीचा अधिभार 1,164 पौंड, म्हणजे 1 लाख 40 हजार. विमान तिकीट, टीबी तपासणी, इंग्रजीची परीक्षा, थंडीचे कपडे आणि खोलीचं डिपॉझिट यांना दीड लाख धरा.

बेरीज 42 लाखांच्या आसपास जाते. मेलमधल्या '21 लाखां'च्या ती बरोबर दुप्पट आहे.

'शिकता शिकता कमाई'चं काय? सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. तेवढं काम मिळेलच असं नाही, कारण लहान शहरात दुकानं-हॉटेलं मोजकी आणि विद्यार्थी जास्त. आठवड्याला 12 तास, वर्षात 30 आठवडे असं काम मिळालं, तर पाच लाखांच्या आसपास हाती येतात. खाण्यापिण्याला मोठा हातभार लागतो, फी मात्र त्यातून निघत नाही. व्हिसाच्या वेळी ही कमाई पैशांचा पुरावा म्हणून चालतही नाही.

खात्यावर पैसे दाखवायचे म्हणजे काय

राहिलेली फी आणि 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च (1,171 गुणिले 9, म्हणजे 10,539 पौंड, साडेबारा लाखांच्या वर) मुलाच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यावर सलग 28 दिवस असावा लागतो. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली आली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बँकेचं मंजूर शैक्षणिक कर्जही पुरावा म्हणून चालतं.

इथेच काही एजंट 'फंड आम्ही दाखवून देतो' असं म्हणतात. कोणाकडून तरी महिनाभरासाठी व्याजाने पैसे आणून खात्यावर ठेवायचे, किंवा थेट बनावट कागद. बनावट कागद पकडला गेला तर ब्रिटनमध्ये 10 वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते, आणि ती एजंटला नाही, पोराला लागते. व्याजाचे पैसे आणले तर व्हिसा मिळेल कदाचित, पण तिथे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात खोलीभाडं कुठून द्यायचं हा प्रश्न उरतो.

जमीन आहे, मग कर्ज मिळेल ना?

गावाकडच्या घरांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. सातबाऱ्यावर पाच एकर आहे म्हणून लाखांचं कर्ज सहज मिळेल असं वाटतं. पण बहुतेक बँका परदेशी शिक्षणाच्या कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. कोर्टात न जाता तारण जप्त करण्याचा जो कायदा बँकांकडे आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. बँकेला हवा असतो एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी. गावठाणातलं घर नुसत्या नमुना 8 वर असेल, तर तेही अनेक शाखा नाकारतात.

मग तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था पुढे येतात, आणि त्यांचा व्याजदर सरकारी बँकेपेक्षा चढा असतो. त्यांना पगारदार, आयकर विवरणपत्र भरणारा सहकर्जदार लागतो. वडील शेतकरी, विवरणपत्र नाही, म्हणून मामा किंवा काकांची सही घेतली जाते. ती सही नुसती साक्ष नसते. हप्ते थकले तर वसुली मामाच्या पगारातूनही होऊ शकते आणि त्याचा सिबिल स्कोअर घसरतो. उद्या त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज हवं असेल तर अडतं.

हप्ता किती, आणि तो कोण भरणार

42 लाखांपैकी 7 लाख घरचे आणि 35 लाख कर्ज, असं धरू. व्याज 11 टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. दीड वर्षाने रक्कम 40 लाखांच्या घरात जाते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण 55 हजार.

आता पुढचे तीन रस्ते बघा.

पहिला, ब्रिटनमध्येच शिक्षणाला साजेशी, कंपनीने व्हिसा पुरस्कृत केलेली नोकरी लागली. अशा कुशल कामगार व्हिसासाठी जुलै 2025 पासून वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना काही काळ 33,400 पौंडांची सवलत आहे. काम पदवीच्या दर्जाचं हवं, आणि कंपनीकडे सरकारचा परवाना हवा. 33,400 वर कर जाऊन हातात महिन्याला सुमारे 2,300 पौंड येतात. राहणं-खाणं जाऊन लाखाच्या वर उरतात. हप्ता आरामात निघतो.

दुसरा, नोकरी लागली नाही आणि पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर गोदाम किंवा दुकानात काम धरलं. हा व्हिसा आजवर 2 वर्षांचा होता; 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिन्यांचा मिळणार आहे. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरला जाणाऱ्या मुलाने 18 महिनेच धरावेत. फी आणि अधिभार मिळून या व्हिसालाच जवळपास 3 लाख लागतात, हे मेलमध्ये क्वचितच दिसतं. किमान वेतनावर पूर्णवेळ काम केलं तर सगळं जाऊन महिन्याला साठ-पासष्ट हजार उरतात. हप्ता कसाबसा निघतो, पण 18 महिन्यांपुरताच. त्या नोकरीवर पुढचा व्हिसा मिळत नाही.

तिसरा, व्हिसा संपला आणि मुलगा परत आला. पुण्यात तीस-पस्तीस हजारांवर सुरुवात, हप्ता 55 हजार. बाकीचे वीस-पंचवीस हजार दर महिन्याला घरून, म्हणजे ऊस-सोयाबीनच्या पैशांतून जाणार. दहा वर्षं.

'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिणाऱ्याला म्हणून एवढंच विचारावं: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून याच कोर्सला गेलेल्यांपैकी किती जणांना पुरस्कृत नोकरी लागली? त्यातल्या दोघांशी बोलणं करून द्याल का? नोकरीची हमी कोणतंही विद्यापीठ देत नाही, एजंट तर नाहीच.

मेलमध्ये नसलेले दोन पर्याय

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, सत्राला थोडं शुल्क असतं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य मात्र परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाची फी त्याहून जास्त आहे. व्हिसाआधी वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे 105 च्या भावाने साडेबारा लाख. ते बुडत नाहीत, महिन्याला 992 युरो असे मुलालाच परत मिळतात. भारतीय मुलांना एपीएस प्रमाणपत्र आधी काढावं लागतं, त्यात वेळ जातो. अडचण भाषेची. वर्ग इंग्रजीत चालला तरी नोकरीला जर्मन लागतं, आणि ते तिथे गेल्यावर नाही, इथूनच शिकायला सुरुवात करावी लागते.

दुसरा पर्याय सरकारी शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; ओबीसी आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गासाठी वेगळी योजना आहे. शाहू महाराज शिष्यवृत्तीला विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये हवं. कमिशनच्या यादीतली बरीच नावं तिथे बसत नाहीत. त्यामुळे आधी एजंटच्या सांगण्यावरून प्रवेश घ्यायचा आणि मग शिष्यवृत्ती शोधायची, हा क्रमच चुकतो.

डिपॉझिट भरण्याआधी

प्रवेशपत्र आलं की विद्यापीठ तीन-चार हजार पौंड किंवा त्याहून जास्त आगाऊ मागतं. हे पैसे विद्यापीठाच्या खात्यावरच जावेत, एजंटच्या नाही. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक विद्यापीठं थोडं शुल्क कापून परत देतात. कागद बनावट निघाल्याने नाकारला, किंवा मुलाने स्वतःच बेत बदलला, तर बहुधा मिळत नाहीत. परताव्याचा नियम विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो. मुलाकडून तो वाचून घ्यावा. विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना आहे की नाही, आणि नोकरी देणाऱ्या कंपनीला पुरस्कृत करण्याचा परवाना आहे की नाही, या दोन्ही याद्या gov.uk वर कोणालाही मोफत बघता येतात. मोबाईलवर दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते सेमिनारला जाण्याच्या आधी करता येतं.