चांदवडची खिंड सांगते

वाचकहो, गावाचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण नदीला बोलावतो. नाशिकची गोष्ट गोदावरीने सांगावी, मालेगावची मोसमने. पण चांदवडला अशी मोठी नदी नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या या गावाकडे पाहत कोण राहिलं? गावाच्या पाठीशी डोंगराची रांग आहे आणि त्या रांगेत एक खिंड आहे. आज माझ्या तोंडून ती खिंडच बोलते आहे असं समजा. दगडाला जे दिसलं असेल तेवढंच ती सांगेल. माणसांच्या मनात काय होतं, ते तिला कुठून कळणार?

मंडळी, मी चांदवडची खिंड. सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या सातमाळा रांगेत, जिला चांदोरची रांगही म्हणतात, मी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला आणि थरावर थर साचून गार झाला. काही थर टणक निघाले, काही ठिसूळ. ठिसूळ थरांची माती होऊन उतार झाले, टणक थर उभ्या कड्यांसारखे राहिले. म्हणून इथल्या डोंगरांना वर ताशीव कडा आणि खाली घसरता उतार दिसतो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे किल्ल्यांची सारी कथा या कड्यांवरच उभी आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाचा एक थेंब माझ्या उत्तरेच्या अंगावर पडला तर तो ओढ्याने गिरणेला जातो, गिरणेतून तापीला आणि तापीतून पश्चिमेच्या अरबी समुद्राला. त्याच्याच शेजारचा थेंब दक्षिणेला पडला तर तो गोदावरीची वाट धरतो आणि थेट पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातो. दोन समुद्रांची वाटणी माझ्या पाठीवर होते. आता पाणी वाटून देणारी रांग माणसाला भिंतीसारखी आडवी येते. उत्तरेकडून खानदेशातून येणाऱ्याला दक्षिणेच्या गोदावरीकाठी उतरायचं, तर या भिंतीतलं दार हवं. ते दार मी. आणि दाराशी जे वसलं ते चांदवड.

माझ्या आठवणीतलं पहिलं मोठं नाव दृढप्रहाराचं. नवव्या शतकातला हा यादव कुळातला मूळ पुरुष. त्याने चंद्रादित्यपूर नावाच्या नगरात आपलं ठाणं केलं, आणि ते चंद्रादित्यपूर म्हणजे हेच चांदवड असं अभ्यासक मानतात. त्याच्या मुलाचं नाव सेउणचंद्र. त्याच्या नावावरून या मुलखाला सेउणदेश म्हणू लागले. पुढे यादव सिन्नरला गेले आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला. राजधानी दूर गेली, पण मी जिथल्या तिथे. राज्य मोठं झालं की ते दारातून उठून माजघरात जाऊन बसतं. दाराशी मात्र वर्दळ चालूच राहते.

माझ्या जवळच्या डोंगरात जैन लेणं कोरलं आहे. त्याच डोंगरांच्या अंगाला रेणुकामातेचं स्थान आहे. वाटसरू माझ्याकडे चढण्याआधी तिथे हात जोडत आले आहेत. राजे बदलले, पण हात जोडणाऱ्यांची रांग तुटली नाही.

मग किल्ले आले. चांदवडचा, शेजारचा राजधेर, इंद्राई, कोळधेर. इथे किल्ला बांधणं तसं सोपं, कारण तट निसर्गानेच उभा करून ठेवलेला. माणसाने करायचं ते एवढंच : कड्यातून पायऱ्या खोदायच्या, वर दार बसवायचं आणि पावसाचं पाणी साठवायला टाकी कोरायची. म्हणून किल्ला कोणाकडे, हा प्रश्न शेवटी दोन गोष्टींवर येऊन थांबतो. पायऱ्या कोणाच्या ताब्यात आहेत आणि टाक्यांत पाणी किती आहे.

शहाजहानच्या अमदानीत, 1635-36 साली, त्याचा सरदार अलावर्दीखान या रांगेत आला आणि एकामागून एक किल्ले घेत गेला. त्याने इंद्राईच्या कातळावर फारसी लेख कोरून ठेवला. लढाई संपली की माणूस निघून जातो, पण त्याला वाटतं की दगडाने तरी नाव धरून ठेवावं. तो लेख आहे. त्या मोगलांचं राज्य नाही.

आता 1670 सालची एक रात्र सांगते. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि लुटीने लादलेले घोडे, बैल घेऊन बागलाणातून ते परत निघाले. त्यांना माझी ही रांग ओलांडूनच दक्षिणेला उतरायचं होतं. मोगलांचा सरदार दाऊदखान बुऱ्हाणपुराकडून धावत आला आणि माझ्यापाशी, चांदवडला येऊन ठेपला. हिशेब सरळ होता. दार अडवलं की घरातला माणूस सापडेल. पण भिंतीला एकच दार नसतं. पश्चिमेकडे काही कोसांवर कांचन-मांचनची वाट आहे, माझी धाकटी बहीण म्हणा. रात्री हेरांनी दाऊदखानाला बातमी दिली की शिवाजीची निम्मी फौज त्या घाटातून उतरली आहे आणि उरलेली अजून घाटातच आहे. दाऊदखान रातोरात निघाला. 17 ऑक्टोबरला सकाळी त्याच्या आघाडीचा सरदार इखलासखान मागची फौज येण्याची वाट न पाहता तुटून पडला आणि जखमी झाला. मराठ्यांनी दिवसभर मोगलांना गुंतवून ठेवलं. लूट सुखरूप पुढे गेली. वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात ती हीच. शिक्षकांनी ही लढाई शिकवताना तारीख जरूर सांगावी, पण आधी फळ्यावर डोंगराची एक आडवी रेघ काढावी आणि तिच्यात दोन फटी ठेवाव्यात. मग मुलांना लढाई आपोआप कळेल.

अठराव्या शतकात होळकर आले. गावात त्यांचा रंगमहाल उभा राहिला. लाकडाचे कोरीव खांब, भिंतींवर चित्रं. गावात टांकसाळ चालली. इथल्या नाण्यांवर 'जाफराबाद उर्फ चांदोर' अशी फारसी अक्षरं असत, आणि बाजारात त्याला चांदवडी रुपया म्हणत. रुपया इथे का पडावा? अहो, जिथून बैलांचे तांडे जातात, जिथे माल उतरतो, चढतो, जकात भरली जाते, तिथेच तर नाणं हातोहात लागतं. टांकसाळही माझ्या वाटेचंच लेकरू.

याच होळकरांच्या घरात अहिल्याबाई झाल्या. 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. देशभर त्यांनी घाट बांधले, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, तेही पुष्कळदा स्वतःच्या राज्याबाहेर. मी खिंड आहे, म्हणून मला यातला अर्थ चटकन कळतो. माझ्याकडे चढून येणाऱ्या थकल्या माणसाला मी सावली देऊ शकत नाही की पाणी देऊ शकत नाही. किल्ला वाट अडवतो, विहीर वाट चालू ठेवते. वाटेवर ज्याने विहीर बांधली, त्याचं नाव पाणी पिणाऱ्याच्या तोंडी राहतं.

किल्ल्याचं मात्र उलट झालं. 1804 मध्ये कर्नल वॉलेसने चांदवड घेतलं, नंतर ते होळकरांना परत मिळालं. पण 21 डिसेंबर 1817 रोजी दूर माळव्यात, क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांच्या हातून गेला. लढाई झाली शेकडो मैलांवर आणि दार उघडावं लागलं इथे. शेजारच्या राजधेरने मात्र दार उघडलं नाही. एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांनी त्याच्यावर तोफा लावल्या, वर आग लागली आणि शिबंदी रात्री निसटली. एक बळकट किल्ला असा पडलेला पाहून बाकीचे भराभर शरण आले.

पुढे इंग्रजांनी काय केलं, ते आजही डोळ्यांना दिसतं. सगळा तट पाडत बसायची गरजच नव्हती. त्यांनी पायऱ्या उडवल्या. कडा पुन्हा कडाच झाला आणि किल्ला वरच्या वर अधांतरी राहिला. म्हणूनच राजधेरला आज लोखंडी शिडी लावून चढतात आणि चांदवडच्या किल्ल्याची वाट अवघड झाली आहे.

वाट तरी मोठी झाली का? मुंबई-आग्रा रस्ता माझ्यातून गेला, बैलगाड्या वाढल्या. पण 1860 नंतर रेल्वे आली आणि ती माझ्याकडे फिरकलीच नाही. आगगाडीला चढ सोसत नाही. तिने नाशिक, लासलगाव करत मनमाडची वाट धरली. तिकडे रांग खालावते, तुटते. गाडीला सपाट वाट मिळाली आणि गाव म्हणून मनमाड वाढलं. चांदवड जुन्या वैभवाचं तालुक्याचं ठिकाण राहिलं. दार त्याच जागी होतं, पण येणारा पाहुणा दुसऱ्या दाराने जाऊ लागला. गाव मोडायला शत्रूच लागतो असं नाही. शेजारून रूळ गेले तरी पुरे. विसाव्या शतकात मोटारी आणि मालट्रक आले तेव्हा माझी चढण पुन्हा गजबजली. त्यांत आमचा कांदाही असतो.

आणि आता शेवटची आठवण. शतकानुशतकं माझ्याकडे जो आला, तो ओलांडून जायला आला. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी मात्र माणसं इथे थांबायला आली, आणि त्या बायका होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. लाखाच्या घरात बाया आल्या. गाड्यांतून, ट्रकांतून, भाकरी बांधून. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव जमिनीच्या कागदावर का नाही, घरात तिचं म्हणणं का चालत नाही, हे त्यांनी इथे बसून बोलून दाखवलं. त्या विचाराला 'चांदवडची शिदोरी' असं नाव पडलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. माझ्यातून तोफा गेल्या, रुपये गेले. त्यांच्या चाकोऱ्या पुसल्या. पण सातबाऱ्यावर लिहिलेलं नाव पुसायला कोणालाही सोपं जात नाही.

गुरुजी, पहिला चांगला पाऊस पडला की मुलांना माथ्यावर घेऊन या. सांभाळून आणा, कडा निसरडा असतो. त्यांना दाखवा, पाणी कुठे दोन बाजूंना वेगळं होतं. मग खाली उतरताना तुटलेल्या पायऱ्या दाखवा. घरी गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का, एवढं त्यांना वडिलांना विचारायला सांगा.