लेखनकरारातील कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कलमे
मुक्त लेखक व प्रकाशक यांच्या करारातील, यंत्रनिर्मित मजकुराचा वापर, मौलिकतेची हमी आणि संशयानंतरची कार्यवाही ठरविणाऱ्या तरतुदी. मौलिकतेची हमी जुनीच असून ती वाङ्मयचौर्याविरुद्ध होती (पहा : स्वामित्वहक्क), नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर तिला यंत्रवापराची अट जोडली जाऊ लागली. चौर्यात मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडता येतो, यंत्रलिखित मजकूर ओळखणारी शोधक-प्रणाली मात्र केवळ शक्यता वर्तविते. म्हणून ‘प्रणालीने खूण केल्यास मानधन रद्द’ असे कलम हमीभंगाऐवजी संशयालाच शिक्षा देते.

ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलेली शोधक-प्रणाली त्या कंपनीच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के ओळखे आणि मानवी मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारी. शंभर लेखांत दहा यंत्रलिखित धरले, तर या प्रमाणाने सुमारे अकरा लेखांवर खूण होईल व त्यांतील आठ माणसांचे असतील. नंतरच्या प्रणाली अधिक अचूक असल्या, तरी यंत्रलिखित लेख विरळ असतील तेथे हा धोका उरतोच.

प्रकाशकाकडे दुसरे साधन नाही, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. खर्डे, टिपणे व फाइलींचा बदल-इतिहास मागविता येतो. तेही बनविता येतात, पण लेखकाला त्यांवर प्रश्न विचारता येतात. त्यामुळे कलमात लेखी कारण, उत्तराची मुदत व तोवर मानधन केवळ राखून ठेवणे असावे. शब्दतपासणी आणि भाषांतरसाधने यंत्रवापराच्या बंदीत येतात की नाही, हेही त्यात स्पष्ट हवे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि त्यासाठी करारभंग आधी सिद्ध व्हावा लागतो (पहा : नुकसानभरपाई).