डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर

आपल्याकडे 'डुप्लिकेट' म्हटलं की नकली, कमअस्सल. डुप्लिकेट साबण, डुप्लिकेट स्पेअर पार्ट. पण १९९४ नंतर काही वर्षं कारखान्यांच्या हिशेबखात्यात नेमकं उलटं होतं. ओरिजिनलपेक्षा डुप्लिकेट मोलाची! मी तेव्हा एका कारखान्यात बिलं लिहायचो, म्हणून ही बिलबुकं अजून डोळ्यांसमोर आहेत.

१ एप्रिल १९९४ पर्यंत माल कारखान्याबाहेर पडताना सेंट्रल एक्साइजचा गेटपास लागायचा. त्या दिवसापासून गेटपास गेला आणि कारखान्याचं स्वतःचं इन्व्हॉइसच त्या जागी आलं. नियम होता ५२-अ. इन्व्हॉइस चार प्रतींत करायचं आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत तिचा मालक छापायचा. ओरिजिनल खरेदीदाराची, डुप्लिकेट ट्रान्सपोर्टरची, ट्रिप्लिकेट एक्साइज खात्याची आणि चौथी कारखान्याची स्वतःची.

चार प्रती म्हणजे मध्ये तीन कार्बन, काळी बाजू खाली. शेवटच्या प्रतीखाली पुठ्ठा सरकवायचा, नाहीतर पुढच्या कोऱ्या बिलावर आजचे आकडे उमटायचे. बॉलपेन दाबून लिहिलं तरी चौथी प्रत फिकीच यायची. म्हणजे गंमत बघा, ज्याने बिल लिहिलं त्याच्याच वाट्याला सगळ्यात अस्पष्ट प्रत!

आता डुप्लिकेटकडे येऊ. समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने पुण्याच्या कारखान्याला ४०,००० रुपयांची कास्टिंग पाठवली. एक्साइज ड्यूटी सोयीसाठी १५ टक्के धरू, म्हणजे ६,००० रुपये. पुणेकराने ४६,००० द्यायचे, पण त्यातले ६,००० त्याला मॉडव्हॅट योजनेखाली स्वतःच्या ड्यूटीतून वळते करता यायचे. ही योजना १९८६ सालची. कच्च्या मालावर भरलेल्या करावर पुन्हा कर नको, हा तिचा हेतू.

हे ६,००० मिळायचे कशावर? खरेदीदाराच्या नावाने छापलेल्या ओरिजिनलवर नाही, तर ट्रकवाल्याच्या डुप्लिकेटवर. तिच्या माथ्यावर तसं छापलेलंच असायचं, की मॉडव्हॅट क्रेडिटसाठी ही प्रत वापरावी.

वरवर विचित्र वाटतं, पण त्यामागे पक्का विचार आहे. ओरिजिनल पोस्टानेही जाऊ शकते. माल न हलवता नुसता कागद पाठवून कर वळता करून घेणं त्यामुळे सोपं झालं असतं. डुप्लिकेट मात्र मालाबरोबर ट्रकमध्ये बसून यायची. ती पुण्याच्या गेटवर पोचली म्हणजे मालही पोचला असावा, एवढाच तिचा अर्थ. कागद तोच, आकडे तेच, पण ती ज्या वाटेने आली ती वाट हाच तिचा पुरावा.

म्हणूनच ट्रकच्या केबिनमध्ये चहाचे डाग पडलेला, चार घड्या घातलेला तो कागद स्टोअरवाला आधी मागून घ्यायचा. तो वाटेत हरवला, तर पांढरीशुभ्र ओरिजिनल हातात असूनही क्रेडिट आपोआप मिळत नसे. प्रत खरोखरच प्रवासात हरवली हे असिस्टंट कलेक्टरला पटवून द्यावं लागे, मग ओरिजिनलवर काम व्हायचं. तोवर ते ६,००० अडकलेले.

पुरावा म्हणून कार्बनचा एक गुण मोठा होता. सगळ्या प्रती एकाच दाबाने, एकाच क्षणी उमटतात. वरच्या प्रतीवर आकडा नंतर बदलला तर खालच्या प्रती जुनाच आकडा सांगत राहतात, आणि त्या तोवर वेगवेगळ्या हातांत गेलेल्या असतात. डुप्लिकेटवर कार्बनच्या निळसर रेघेऐवजी थेट पेनाची शाई दिसली, तर ती मागाहून लिहिली असणार ही शंका यायचीच. बिल रद्द झालं तर चारही प्रती बुकात ठेवायच्या. त्यातली एक गायब म्हणजे प्रश्न आलेच. वापरण्याआधी बुकाच्या प्रत्येक पानावर मालकाची किंवा भागीदाराची सही लागायची, तीही ह्याचसाठी.

२००२ च्या नियमांत खात्याची प्रत नव्हती, तीनच होत्या. २०१७ साली जीएसटी आला, तरी नियम ४८ मध्ये मालासाठी तेच त्रिकूट राहिलं, ओरिजिनल घेणाऱ्याची, डुप्लिकेट ट्रान्सपोर्टरची, ट्रिप्लिकेट विकणाऱ्याची. सेवेसाठी मात्र दोनच. सेवा ट्रकमध्ये भरता येत नाही ना!

डुप्लिकेटचं नाव राहिलं, पण तिची ती किंमत गेली. आता विकणाऱ्याने पोर्टलवर भरलेलं बिल घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसावं लागतं, १ जानेवारी २०२२ पासून तर कायद्यानेच. साक्षीदार बदलला. पूर्वी ट्रकमधून आलेला कागद सांगायचा की माल आला, आता पोर्टल सांगतं की विकणाऱ्याने बिल दाखवलं. माल खरंच आला का, हे पोर्टलला कळत नाही. त्या मळक्या प्रतीला निदान तेवढा प्रवास तरी करावा लागायचा.